क्रेट तुटला, माल अडला : फॉरवर्डरला पत्र लिहिताना

परदेशातून यंत्र मागवणाऱ्या छोट्या उद्योजकाचा संबंध सहसा जहाज कंपनीशी येत नाही. त्याची गाठ असते ती फ्रेट फॉरवर्डरशी. हा फॉरवर्डर अनेकांचे छोटे छोटे नग एका कंटेनरमध्ये भरतो, तो कंटेनर जहाजावर चढवतो आणि प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं बिल ऑफ लेडिंग देतो. त्याला हाउस बिल म्हणतात. अशा सामाईक कंटेनरमधल्या मालाला धंद्याच्या भाषेत एलसीएल म्हणतात. माल नीट आला तर या कागदाकडे कुणी पुन्हा वळून बघत नाही. माल तुटून आला, किंवा बंदरात येऊनही हातात पडला नाही, की मग पत्र लिहायची वेळ येते. आणि ते पत्र बहुतेक वेळा रागाच्या भरात, चुकीच्या माणसाला आणि उशिरा लिहिलं जातं.

समजा, भोसरीच्या एका कारखानदाराने इटलीतून पॅकिंगचं यंत्र मागवलं. तीन लाकडी क्रेट, जिनोआ बंदरातून न्हावा शेवा. कंटेनर ४ जूनला उतरला, तिथून सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर उघडून माल ठेवण्याच्या कस्टम्सच्या देखरेखीखालच्या गोदामात गेला आणि ७ जूनला रिकामा केला गेला. कारखानदाराच्या सीएचएने, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटाने, बिल ऑफ एंट्री आधीच भरून ठेवलं होतं. पण ८ जूनला लक्षात आलं की कस्टम्सकडे दिलेल्या आयात यादीत, म्हणजे आयजीएममध्ये, या मालाच्या ओळीत तीनऐवजी दोनच नग लिहिलेत. एलसीएल मालाची ही ओळ फॉरवर्डरच्या बाजूने भरली जाते, त्यामुळे दुरुस्तीचा अर्जही तिकडूनच जावा लागतो. सीएचएने त्याच दिवशी हाउस बिल आणि पॅकिंग लिस्ट जोडून फॉरवर्डरला ईमेल केला. अर्ज गेला १७ जूनला. दुरुस्ती १८ला झाली, डिलिव्हरी ऑर्डर १९ला मिळाली, २०ला कस्टम्सने माल सोडला आणि २१ जूनला ट्रक आत गेला. तेव्हा दिसलं की दोन नंबरच्या क्रेटचा कोपरा फुटलाय, लाकूड ओलं आहे आणि त्यावरचं शॉक लेबल लाल झालंय. शॉक लेबल म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जोराचा धक्का बसला की रंग बदलणारी चिकटपट्टी.

आता कारखानदाराकडे तक्रारी दोन आहेत. मालाची मोडतोड झाली ही एक, माल वेळेत सुटला नाही ही दुसरी. तो दोन्ही एका दमात सांगतो आणि तिथेच चुकतो. या दोन तक्रारींचा कायदा वेगळा आहे, पुरावा वेगळा आहे आणि पैसे देणाराही वेगळा असू शकतो. पत्र एकच लिहावं, पण त्यात दोन्ही हिशेब वेगळे मांडावेत.

पत्राची सुरुवात खरं तर गोदामाच्या दारातच होते. माल ताब्यात घेताना ज्या पावतीवर सही करायची असते तिच्यावर ‘माल सुस्थितीत मिळाला’ असं छापलेलं असतं. ट्रकवाला घाईत असतो, सीएचएचा मुलगा सही करून टाकतो आणि पुढच्या सगळ्या पत्रव्यवहाराला पहिला तडा तिथेच जातो. ते छापील वाक्य खोडून हाताने लिहायला हवं : ‘क्रेट क्र. २ चा डावा खालचा कोपरा तुटलेला, लाकूड ओलं, शॉक लेबल लाल.’ नुसतं ‘तपासणीच्या अधीन’ एवढं लिहिलं तर त्याला फारसं वजन राहत नाही, कारण त्यातून काय दिसलं होतं ते कळत नाही. फोटो क्रेट ट्रकमध्ये चढण्याआधी काढावेत. नगाचा क्रमांक, तुटलेला भाग आणि मागचं गोदाम एकाच चौकटीत दिसायला हवं.

त्यानंतर प्रश्न मुदतीचा. समुद्री वाहतुकीत जगभर वापरात असलेल्या हेग आणि हेग-व्हिस्बी नियमांनुसार, उघड दिसणारं नुकसान माल ताब्यात घेतानाच लेखी कळवायचं असतं. वरून न दिसणारं असेल तर तीन दिवसांत. बंदर ते कारखाना असा एकत्रित प्रवास एकाच कागदावर असेल तर त्या कागदाच्या मागे बऱ्याचदा सहा दिवसांची मुदत असते. फॉरवर्डरांच्या जागतिक संघटनेच्या, फियाटाच्या, छापील बिलावर ती तशीच आहे. आपल्याला कुठली लागू आहे याचा खल करण्यापेक्षा सर्वांत छोटी मुदत धरून त्याच दिवशी ईमेल करणं शहाणपणाचं. समुद्री मालाच्या बाबतीत मुदत चुकली तर हक्क संपत नाही, पण माल सुस्थितीत मिळाला असं गृहीत धरलं जातं आणि तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. विमानाने आलेल्या मालाला मात्र अशी सवलत नाही. माँट्रियल करारानुसार मोडतोडीची तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत लेखी गेली नाही, तर विमान कंपनीने लबाडी केल्याचं दाखवता येईल तेवढा प्रसंग वगळता दावाच करता येत नाही.

म्हणूनच पहिल्या पत्रात रकमेसाठी थांबायचं नाही. दुरुस्तीला किती खर्च येईल हे २१ जूनच्या संध्याकाळी कुणालाच सांगता येणार नाही. आधी सूचना द्यायची, आकडा मागाहून कळवायचा. आपल्या कारखानदाराचं पत्र साधारण असं होईल :

दिनांक : २१ जून

प्रति,
मा. व्यवस्थापक, आयात विभाग
(हाउस बिल देणाऱ्या फॉरवर्डरचं नाव व पत्ता)

विषय : हाउस बिल क्र. … अंतर्गत आलेल्या मालाचे नुकसान व माल सोडवण्यास झालेला विलंब – सूचना व तक्रार

महोदय,

१. वरील हाउस बिलाखाली जिनोआहून न्हावा शेवा येथे आलेले तीन लाकडी क्रेट आम्ही आज सीएफएसमधून ताब्यात घेतले.

२. नुकसान : क्रेट क्र. २ (वजन ४२० किलो) चा डावा खालचा कोपरा तुटलेला, लाकूड ओले व शॉक लेबल लाल झालेले आढळले. तशी नोंद आम्ही डिलिव्हरी पावतीवर केली आहे. ७ जूनच्या टॅली शीटवरही या क्रेटचा कोपरा तुटल्याची नोंद आहे. दोन्हींच्या प्रती व फोटो सोबत जोडले आहेत. हे पत्र नुकसानीची रीतसर लेखी सूचना समजावे.

३. क्रेट न उघडता आमच्या भोसरी येथील कारखान्यात ठेवला आहे. विमा सर्वेक्षक २४ जून रोजी सकाळी ११ वाजता पाहणी करतील. आपण किंवा आपल्या प्रतिनिधीने संयुक्त पाहणीस हजर राहावे. आपण न आल्यास पाहणी ठरल्या वेळी होईल.

४. विलंब : आयजीएममध्ये नगांची संख्या तीनऐवजी दोन नोंदवली गेली. ही चूक आमच्या सीएचएने ८ जून रोजी सकाळी ईमेलने, कागदपत्रांसह, आपल्या निदर्शनास आणली. दुरुस्तीचा अर्ज ९ जूनला जाऊ शकला असता. तो १७ जूनला गेला. या आठ दिवसांचा विलंब आपल्याकडील आहे.

५. सीएफएसचे गोदामभाडे आम्हाला १३ दिवसांचे, दररोज २,१०० रुपये दराने, २७,३०० रुपये भरावे लागले. ही रक्कम आम्ही हरकत नोंदवून भरली आहे. त्यापैकी आठ दिवसांचे १६,८०० रुपये आपण परत करावेत.

६. मालाच्या नुकसानीची रक्कम पाहणीनंतर स्वतंत्र कळवू. तोपर्यंत आमचे सर्व हक्क राखून ठेवले आहेत.

७. या पत्राचे लेखी उत्तर सात दिवसांत मिळावे.

आपला विश्वासू,
(सही, नाव, हुद्दा, कंपनीचा शिक्का)

प्रत माहितीसाठी : जहाज कंपनी, सीएफएस, विमा कंपनी, सीएचए

या पत्रात रागाचा एक शब्द नाही. प्रत्येक परिच्छेदात एकच गोष्ट आहे आणि तिला आधार देणारा कागद सोबत जोडलेला आहे. चौथा परिच्छेद जरा लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. कारखानदाराने सगळे तेरा दिवस फॉरवर्डरच्या माथी मारलेले नाहीत. दुरुस्ती मंजूर होणं, डिलिव्हरी ऑर्डर, कस्टम्सची मंजुरी, ट्रक यांना लागणारे दिवस त्याने स्वतःकडे घेतले आणि फॉरवर्डरच्या टेबलावर पडून राहिलेले तेवढेच मागितले. १६,८०० रुपयांची ही मागणी मोडून काढणं अवघड आहे. २७,३०० मागितले असते तर वाद त्यातल्या पाच दिवसांवर घसरला असता आणि आठ दिवस बाजूलाच राहिले असते.

हरकत नोंदवून पैसे भरण्याचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. गोदामभाडं दिल्याशिवाय माल सुटत नाही, आणि माल अडकवून ठेवला तर भाडं वाढतच जातं. म्हणून पैसे भरायचे, पण भरण्याआधी ईमेलने कळवायचं की ही रक्कम मान्य नसताना केवळ माल सोडवण्यासाठी भरत आहोत. नाहीतर पुढे उत्तर येतं : तुम्ही तर निमूट भरलेत, आता तक्रार कसली?

पत्र दोन भाषांत का, असं कुणी विचारेल. कारण ते वाचणारे दोन प्रकारचे आहेत. फॉरवर्डरच्या मुंबई किंवा पुण्याच्या शाखेत जो माणूस फाइल उघडून बघणार आहे, त्याच्यापर्यंत मराठी पत्र थेट पोहोचतं. शिवाय सही करणाऱ्या कारखानदाराला आपण नेमकं काय मागतोय ते स्वतःच्या भाषेत तपासता येतं. पण फॉरवर्डरचा जिनोआतला भागीदार, जहाज कंपनी आणि विमा कंपनीचा दावे विभाग इंग्रजीच वाचणार. हाउस बिलाच्या मागच्या अटीही इंग्रजीत असतात, आणि वाद गेलाच तर त्या अटींच्या शब्दांवर जातो.

त्यामुळे इंग्रजी पत्र हा मराठीचा ऐसपैस अनुवाद असू नये. दोन्हींत परिच्छेदांचे क्रमांक तेच ठेवावेत, म्हणजे ‘तुमचा परिच्छेद चार’ म्हटल्यावर दोन्हीकडे एकच मजकूर सापडतो. इंग्रजीत महिना आकड्यात न लिहिता अक्षरांत लिहावा. ०६/०७ म्हणजे जून की जुलै हा घोळ परदेशात हमखास होतो. धंद्यातल्या ठरलेल्या संज्ञा बदलू नयेत. विषयाच्या ओळीत ‘नोटीस ऑफ डॅमेज अँड क्लेम फॉर डिलेड रिलीज’ असं स्पष्ट हवं. दुसऱ्या परिच्छेदात ‘वुई हिअरबाय गिव्ह यू नोटीस ऑफ डॅमेज’, पाचव्यात ‘पेड अंडर प्रोटेस्ट’ आणि सहाव्यात ‘ऑल अवर राइट्स आर रिझर्व्ह्ड’. ही वाक्यं रुक्ष असली तरी दावे तपासणारा माणूस तीच शोधत असतो. ‘वुई आर व्हेरी डिसअपॉइंटेड’ या वाक्यापुढे त्याला काही लिहिता येत नाही. मराठीत ‘नुकसान’ म्हटलं की मोडतोड आणि पैशाचा तोटा दोन्ही येतात, म्हणून इंग्रजीत क्रेटच्या बाबतीत ‘डॅमेज’ आणि गोदामभाड्याच्या बाबतीत ‘एक्स्पेन्स’ असं वेगळं लिहावं. दोन्ही पत्रांत शेवटी एक ओळ टाकावी, की मजकुरात फरक आढळल्यास इंग्रजी पत्र ग्राह्य धरावं. दोन्ही एकाच ईमेलने पाठवावीत आणि सहीची प्रत स्पीड पोस्टानेही जावी.

पत्र कुणाच्या नावे लिहायचं याचं उत्तर हाउस बिलावरच्या सहीपाशी मिळतं. सहीखाली ‘अॅज कॅरिअर’ असेल तर माल पोहोचवण्याची जबाबदारी फॉरवर्डरने स्वतः घेतलेली आहे. ‘अॅज एजंट फॉर’ असून पुढे दुसऱ्याचं नाव असेल, तर मुख्य पत्र त्या दुसऱ्याला जायला हवं. हे न बघता लिहिलेल्या पत्राला ‘आम्ही केवळ एजंट’ असं एका ओळीचं उत्तर येतं. म्हणून प्रती सगळ्यांना पाठवायच्या. एलसीएलमध्ये सीएफएसची निवडही बहुधा फॉरवर्डरचीच असते, आयातदाराचा त्या गोदामाशी करार नसतो. तरी त्यालाही प्रत जावी.

आता २४ जूनची पाहणी. क्रेट उघडल्यावर दोन वेगळी नुकसानं दिसली. कंट्रोल पॅनेलची चौकट वाकलेली होती आणि फीड रोलरवर ताजा गंज होता. सर्वेक्षकाने ओल्या भागावर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. समुद्राच्या पाण्यात मीठ असतं, त्यामुळे त्याच्याशी गाठ पडली की या द्रवाचा पांढरा साका बनतो. इथे तो बनला नाही. म्हणजे पाणी समुद्राचं नव्हतं. मग त्याने टॅली शीट पाहिलं. कंटेनर रिकामा करताना गोदामाचे लोक प्रत्येक नगाची जी नोंद करतात ते हे टॅली शीट. ७ जूनच्या नोंदीत क्रेटचा कोपरा तुटल्याचं होतं, ओला असल्याचं नव्हतं. तर कोपरा कंटेनर उघडण्याआधीच, म्हणजे वाटेत किंवा माल भरताना तुटला. आणि पाणी नंतर, सीएफएसमध्ये जूनच्या पावसात, फुटलेल्या कोपऱ्यातून आत गेलं.

इथे दोन्ही तक्रारी एकमेकींना भेटतात. ९ जूनला अर्ज गेला असता तर क्रेट पाऊस लागण्याआधी बाहेर पडण्याची शक्यता होती. गंज हा गोदामातल्या हलगर्जीचा आणि लांबलेल्या मुक्कामाचा परिणाम आहे, आणि वाकलेली चौकट प्रवासातल्या धक्क्याचा. पहिल्या पत्रात दोन्ही गोष्टी वेगळ्या आणि तारखांसह लिहिल्या होत्या, म्हणूनच आता दुसऱ्या पत्रात त्या अचूक वाटून मांडता येतात : पॅनेलची दुरुस्ती २,६०,००० रुपये, रोलर बदलण्याचा खर्च ८०,००० रुपये, गोदामभाडं १६,८०० रुपये. एकत्र बेरीज लिहावी, पण प्रत्येक आकड्यासमोर त्याचं कारण हवं.

यातलं किती हातात येईल? हेग-व्हिस्बी नियम लागू असतील तर वाहकाच्या जबाबदारीला मर्यादा आहे : प्रत्येक नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा खराब झालेल्या मालाच्या वजनावर किलोमागे २ एसडीआर, यातलं जे जास्त असेल ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. त्याची किंमत सव्वा ते दीड डॉलरच्या दरम्यान असते. आपला क्रेट ४२० किलोचा, म्हणजे मर्यादा ८४० एसडीआर, रुपयांत साधारण लाखभर. पॅनेलची दुरुस्ती त्याच्या अडीचपट आहे. उरलेली रक्कम विम्यातूनच यायची. विमा कंपनी भरपाई देते आणि मग आयातदाराच्या जागी उभी राहून वाहकाकडून वसुली करते. ही वसुली शक्य राहावी यासाठी वेळेत सूचना देणं हे विमाधारकाचं कर्तव्य असतं. म्हणजे पत्र फॉरवर्डरला लिहिलेलं असलं तरी त्याचा मोठा उपयोग विम्याच्या दाव्यात होतो. ते नसेल तर विमा कंपनी दाव्याला कात्री लावू शकते.

उशिराच्या बाबतीत विम्याची मदत नाही. मालविम्याच्या सर्वांत व्यापक कलमांतही, इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस (ए) मध्ये, विलंबामुळे झालेला तोटा वगळलेला आहे. म्हणून रोलरच्या गंजाबद्दल विमा कंपनी ‘हा विलंबाचा परिणाम’ असा मुद्दा काढू शकते. त्यावर उत्तर सर्वेक्षकाच्या अहवालात आहे : गंज दिवस गेल्यामुळे चढलेला नाही, पावसाचं पाणी आत गेल्यामुळे चढला. गोदामभाडं मात्र फॉरवर्डरकडूनच वसूल करावं लागेल. तो हाउस बिलाच्या मागची अट दाखवेल, की ठरलेल्या तारखेला माल पोहोचवण्याची हमी आम्ही देत नाही. फियाटाच्या बिलात तर मालधन्याने वेळेवर पोहोचण्याचं महत्त्व आधी जाहीर केलं असेल आणि ते फॉरवर्डरने बिलात मान्य केलं असेल तरच उशिराची जबाबदारी येते, आणि तीही भाड्याच्या दुपटीपर्यंत. पण इथे जहाज उशिरा आलं अशी तक्रारच नाही. माल बंदरात पोहोचल्यावर, यादीतली स्वतःकडची चूक दाखवून दिल्यानंतर, ती सुधारायला आठ दिवस लावले, अशी तक्रार आहे. चौथा परिच्छेद प्रवासाबद्दल बोलत नाही, ८ जूनच्या ईमेलबद्दल आणि १७ जूनच्या अर्जाबद्दल बोलतो, तो यासाठीच.

फॉरवर्डरकडून बऱ्याचदा तडजोड म्हणून एक क्रेडिट नोट येते : गोदामभाड्याचे दहा हजार वळते करून घ्या. ती घ्यायला हरकत नाही, पण तिच्यावर ‘फुल अँड फायनल’ असे शब्द असतील तर त्यावर सही करण्याआधी ती रक्कम फक्त भाड्यापोटी आहे, मोडतोडीचा दावा उभाच आहे, असं लेखी करून घ्यावं. नाहीतर दहा हजारांत साडेतीन लाखांचा दावा विकला जातो.

पत्रव्यवहार सुरू आहे म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही. हेग-व्हिस्बीखाली दावा दाखल करायला माल मिळाल्यापासून एक वर्ष मिळतं, फियाटाच्या बिलाखाली नऊच महिने. कुठल्या देशाच्या न्यायालयात जायचं हेही बिलाच्या मागे छापलेलं असतं आणि ते पुणे किंवा मुंबईच असेल असं नाही. ‘आम्ही विचार करत आहोत’ अशी उत्तरं येत राहिली, तर आठव्या महिन्यात एक तिसरं छोटं पत्र पाठवावं : दाव्याची मुदत सहा महिन्यांनी वाढवून देत असल्याचं लेखी कळवा. ते आलं नाही तर पत्रं बंद करून कागद वकिलाच्या हाती द्यायचे.